नुसते बसायला आलेले

तेजस्विनी गाडेकरचं क्लिनिक सुरू होऊन अकरा महिने झाले होते, आणि ते तिथं आहे हे फक्त तिला, तिच्या आईला आणि वीजबिल टाकणाऱ्या माणसाला पक्कं माहीत होतं. गुलटेकडीत, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, एक शटर. आत दोन बेड, एक मशीन, रंगीत रबरी पट्ट्या आणि भिंतीवर मणक्याचं चित्र. बाहेरच्या भागात आठ माणसं बसतील असं लांबलचक लाकडी बाक. ते बाक रोज सकाळी ती पुसायची आणि संध्याकाळी त्यावरची धूळ पुन्हा पुसायची. मधल्या वेळात त्यावर कोणी बसायचंच नाही.

बरं, बाई कामात कच्ची होती म्हणावं तर तसंही नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात चार वर्षं फिजिओथेरपी केलेली. तिथं एका पेशंटला बारा मिनिटं. मशीन लावायचं आणि दुसऱ्याकडे पळायचं. माणसाला हात लावून, कुठं दुखतंय हे विचारून काम करायला मिळावं म्हणून ती तिथून बाहेर पडली होती. आता वेळच वेळ होता आणि विचारायला माणूस नव्हता!

दुकान आप्पासाहेब खैरे यांचं. आप्पासाहेब म्हणजे बाजारातले जुने आडते, कांदा-बटाट्याचा गाळा, वय सदुसष्ट. भाडं त्यांनी कमी लावलं होतं, कारण डॉक्टरीणबाई भाडेकरू आहेत हे लोकांना सांगायला त्यांना आवडायचं. पण त्यांचा पुतण्या विश्वजीत याला तीच जागा मोमोसाठी हवी होती. "आप्पा, तिथं दिवसाला दोनशे प्लेटी जातील. आत्ता काय जातंय? माशी." यावरून काका-पुतण्याचं घरात जेवताना वाजलं आणि आप्पासाहेबांनी रागाच्या भरात पैज लावली. पुढच्या मंगळवारी दुपारी बारा वाजता येऊन बघायचं. बाक भरलेलं असलं तर जागा डॉक्टरीणबाईंची, रिकामं असलं तर मोमोची. ज्या बाईच्या बाकावर ही पैज लागली, तिला ती दुसऱ्या दिवशी कळवण्यात आली.

"अहो आप्पासाहेब, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हनला असता," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

तेजस्विनी मग मोबाइल घेऊन बसली. क्लिनिकच्या फेसबुक पेजवर एक पोस्ट केली आणि ती पैसे भरून जास्त लोकांना दाखवायचं ठरवलं, ज्याला बूस्ट म्हणतात. दिवसाला तीनशे रुपये, सात दिवस, वर कर वेगळा. एवढंच तिला झेपत होतं. आप्पासाहेब समोर बाकावर बसून प्रत्येक पायरीला नाक खुपसत होते. भाडेकरू त्यांची, बाक त्यांचं, पैज त्यांची. नाक कुणाचं असणार?

पहिल्या मजकुराला दोन तासांत नकार आला. तिनं लिहिलं होतं, "तुमची कंबर दुखते का?" कंपनीचं म्हणणं असं की वाचणाऱ्याला अमुक आजार आहे असं सुचवणारी जाहिरात चालत नाही.

"कंबर दुखणाऱ्याला कंबर दुखते का विचारायचं नाही?" आप्पासाहेब चक्रावले. "मग काय, तुमची कंबर छान आहे, अभिनंदन, असं लिहायचं?"

तिनं मजकूर बदलला. "मान, कंबर आणि गुडघ्यांच्या दुखण्यावर उपचार. वेळ ठरवून या." हा पास झाला. मग उद्दिष्ट निवडायचं. जास्तीत जास्त मेसेज हवेत, असं तिनं निवडलं. जाहिरातीखालचं बटण दाबलं की व्हॉट्सअॅप उघडणार आणि "नमस्कार, मला अधिक माहिती हवी आहे" हे वाक्य आयतं टाइप होऊन येणार.

आणि मग आला तो प्रश्न. जाहिरात कुणाला दाखवायची?

इथं तेजस्विनीनं जे केलं ते तिनं आईलाही सांगितलं नसतं. नकाशावरची खूण तिनं क्लिनिकवरून उचलली आणि मुकुंदनगरच्या बाजूला सरकवली. तिकडे सोसायट्या. तिकडे सकाळी चालायला जाणाऱ्या, गुडघ्याला पट्टा लावणाऱ्या, उपचाराचे पैसे फोनवरून चटकन पाठवणाऱ्या बायका. बाजार नको होता तिला. बाजारातला माणूस चारशे रुपये देऊन वीस मिनिटं झोपायला येईल, असं तिला वाटत नव्हतं. पण खुणेभोवतीचा गोल एका किलोमीटरच्या खाली जाईना. वय तीस ते पासष्ट, आवडी म्हणून योगा, मॅरेथॉन आणि ट्रेकिंग टाकलं, तर बाजूचा काटा लाल झाला. लोक फारच थोडे उरलेत, म्हणे. नाइलाजानं आवडी काढल्या, गोल दोन किलोमीटर केला. निम्म्याहून जास्त बाजार गुपचूप आत आला. शिवाय त्या गोलात राहणारेच नव्हे, नुकतेच तिथं येऊन गेलेलेही धरतात. आता बाजारात नुकतं कोण येऊन जात नाही, सांगा.

"आणि हे दाखवायचं कुणाला आधी, कुणाला मागून, ते कोण ठरवतं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"लिलाव होतो. दर वेळी जागा रिकामी झाली की सगळ्या जाहिरातींचा एका क्षणात लिलाव. बोली किती आणि समोरचा माणूस बटण दाबायची शक्यता किती, दोन्ही बघतात."

आप्पासाहेब ताठ बसले. चाळीस वर्षं ज्यात हयात गेली तो शब्द त्या डबीतून बाहेर आला होता. "लिलाव? मग मला आधी का नाही सांगितलं बाई! लिलावात मला कोन शिकवनार?"

तिनं तेव्हाच त्यांना घरी पाठवायला हवं होतं.

पहिल्या दोन दिवसांत तीन मेसेज आले. एकानं विचारलं, नोकरी आहे का. एकानं विचारलं, एसी आहे का, नसला तर का नाही. तिसऱ्या बाईंनी उपचारांची सगळी माहिती घेतली आणि शेवटी लिहिलं, "धन्यवाद. आमच्या सोसायटीतच एक जण करतात. फक्त तुलना करत होते." तेजस्विनीला रडूच यायचं बाकी होतं. आप्पासाहेबांनी मोबाइल हातात घेऊन तीन आकडा बघितला आणि ते तडक गाळ्यावर गेले.

बाजारात एक पद्धत आहे. माल कितीही चांगला असला आणि ढिगाजवळ कोणी नसलं तर गिऱ्हाईक लांबूनच पुढं जातं. म्हणून आडत्या आपलीच चार माणसं ढिगाभोवती उभी करतो. एक कांदा उचलून बघतो, एक भाव विचारतो, एक मान हलवतो. मग पाचवा खरा येतो. आप्पासाहेबांनी आयुष्यभर कांदा असाच विकला होता. डॉक्टरीणबाई काय वेगळ्या?

गाळ्यावर हमालांची टोळी अकराच्या सुमारास मोकळी व्हायची. गाड्या खाली झालेल्या, माल गेलेला, आणि सगळे पोत्यांना टेकून मोबाइल बघत बसलेले. आप्पासाहेबांनी फर्मान काढलं. ज्याला ज्याला बाईंच्या दवाखान्याची जाहिरात दिसेल त्यानं खालचं बटण दाबायचं आणि मेसेज धाडायचा. एकाला दिसली, त्यानं दाबलं. दुसऱ्याला दिसली, त्यानं दाबलं. आता त्या यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक, ही आप्पासाहेबांची माणसं आहेत म्हणून! त्यानं एवढंच बघितलं की दोन किलोमीटरमध्ये बटण दाबणारे लोक सापडले, आणि तशाच लोकांना जाहिरात आणखी दाखवायला लागलं. मुकुंदनगरच्या बायकांना कशाला दाखवतंय? त्या कुठं दाबत होत्या? शेजारच्या गाळ्यांचे हमाल, तोलणारे, टेम्पोवाले, सगळ्यांच्या मोबाइलवर तेजस्विनीचा हसरा फोटो आणि मणक्याचं चित्र झळकू लागलं.

शुक्रवारी तिच्या फोनवर सत्त्याऐंशी मेसेज आले. सत्त्याऐंशी! एका मेसेजचा खर्च दोनशेवरून तीन-साडेतीन रुपयांवर घसरला होता. ती आनंदानं खुर्चीतच एक गिरकी घ्यायला गेली आणि मशीनला पाय लागला. मग मेसेज उघडले. "नमस्कार, मला अधिक माहिती हवी आहे." पुढचा तोच. त्याच्या पुढचा तोच. तिनं प्रत्येकाला वेळ, पत्ता, फी कळवली. उत्तर एकाचंही आलं नाही. फक्त पोपट नावाच्या एकानं अंगठा पाठवला.

शनिवारी आप्पासाहेबांनी दुसरा डाव टाकला. अकरा वाजता आठ हमाल शिस्तीत आत आले आणि बाकावर बसले.

तेजस्विनी धावत बाहेर आली. "या, या! कुणाला आधी घेऊ?"

आठही जण एकमेकांकडे बघू लागले. मधला, पांढऱ्या मिशांचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, नाव कोंडीराम, तो म्हणाला, "न्हाई ताई. आमी पेशंट न्हाई. आमी नुसतं बसायला आलोय."

"म्हणजे?"

"आप्पांनी बसवलंय. दोन तास. मानशी दोनशे."

अहो, काय करायचं अशा माणसाला! तिनं लगेच आप्पासाहेबांना फोन लावला. "आप्पासाहेब, ही फसवणूक आहे."

"कुनाची? पैज माझी आणि पुतन्याची. बाक भरलेलं असावं एवढंच ठरलंय. कोन बसलंय हे ठरलेलं नाही," आप्पासाहेब म्हणाले. "आणि खरं गिऱ्हाईक गर्दी बघून येतंय की नाही बघा."

खरं गिऱ्हाईक आलंही. पावणेबाराला मुकुंदनगरच्या एक बाई दारात आल्या, मानेला पट्टा, हातात पर्स. जाहिरात बघूनच आल्या होत्या. बाकावर आठ माणसं बघितली. "एवढे नंबर? मग नाही जमायचं हं, मला कुकर लावायचाय," म्हणाल्या आणि तेजस्विनी "अहो हे पेशंट नाहीत" म्हणेपर्यंत रिक्षात बसल्याही. साडेबाराला एक निवृत्त गृहस्थ आले, त्यांनी घड्याळ बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि "यासाठी 'वेळ ठरवून या' लिहिलं होतं वाटतं" असं म्हणून गेले. रविवारी आणखी दोघं गेले. अकरा महिन्यांत आली नाहीत एवढी माणसं दोन दिवसांत आली आणि बसायला जागा नाही म्हणून परत गेली.

शेवटी वैतागून ती बाकावरच्या लोकांना म्हणाली, "बसलाच आहात तर निदान तपासू तरी द्या. तुमचा खांदा बघा, एक वर, एक खाली."

"त्यो तसाच असतोय," कोंडीराम म्हणाला.

"दुखतो ना?"

"दुखतोय की. पर आमी त्यासाठी न्हाई आलो."

"पण दुखतोय!"

"ताई, कामावर असताना खाजगी काम करायचं न्हाई, आप्पांचा नियम हाय." आणि मग हळूच, "आनि तुमी कसं घेता?"

"चारशे."

कोंडीरामनं मनात हिशेब केला आणि त्याला खरोखरच हसू फुटलं. "म्हंजी बघा. बसायचे मला दोनशे मिळत्यात आनि उठवायचे तुमी चारशे घेनार. त्यापेक्षा बसलेलं बरं."

बाकावर हशा झाला. तेजस्विनीलाही हसू आलं आणि स्वतःचाच रागही आला. समोर आठ जण, एकाची पाठ सरळ नाही, आणि ती मोबाइलमध्ये मुकुंदनगर शोधत बसलेली.

मंगळवारी बाराच्या ठोक्याला विश्वजीत आला. गॉगल, हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. मागून आप्पासाहेब, नवा सदरा घालून. बाक गच्च भरलेलं होतं.

"मोज," आप्पासाहेब म्हणाले. "आठच्या आठ."

विश्वजीतनं गॉगल वर केला. तो काही खुळा नव्हता. लहानपणापासून त्याच गाळ्यावर वाढलेला. "आप्पा, ही आपली टोळी आहे ना? हा पोपट, हा कोंडीरामबाबा. हे पेशंट आहेत?"

"आहेत. त्यांनी मेसेज केलाय बाईंना. पुरावा आहे."

"थांबा." विश्वजीतनं मोबाइल कोंडीरामसमोर धरला. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला काय दुखतंय?"

एक शब्द बोलला असता कोंडीराम, कंबर म्हणाला असता, तर जागा वाचत होती, आणि तो शब्द खोटाही नव्हता. तेजस्विनी मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडत होती. म्हणा की हो बाबा. एकदा म्हणा.

कोंडीरामनं आप्पांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "काय न्हाई बा दुखत," तो म्हणाला. "आप्पांनी बसायला सांगितलंय म्हनून बसलोय."

"झालं!" विश्वजीतनं टाळी वाजवली. "हरलात आप्पा. चला, उठा सगळे."

तो हुकूम सुटला आणि आठ माणसं उठायला लागली. तासभर टेकून बसलेली. पहाटे चारपासून गाड्या खाली केलेली. पोपटनं गुडघ्यावर दोन्ही हात रोवले. त्याच्या शेजाऱ्यानं भिंत धरली. एकानं बाकाची कड पकडली, एकानं एकाचा खांदा. आणि आठही तोंडांतून एकदमच "आई आई गं" असा आवाज आला. तो आवाज फार वाईट होता. सात जण कसेबसे उभे राहिले, अर्धे वाकलेले. कोंडीराम उठलाच नाही. अर्ध्यात आला आणि तिथंच अडकला, ना बसलेला ना उभा.

"उठा की बाबा," विश्वजीत म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"उठतोय की," कोंडीराम म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तुमी व्हा म्होरं. मी आलो."

विश्वजीतनं व्हिडिओ बंद केला. ही माणसं त्यानं आयुष्यभर बघितली होती, पण पाठीवर पोतं असलेली. बिनपोत्याचीही ती तशीच वाकलेली असतात हे त्याच्या आज ध्यानात आलं असावं.

"सरा सगळे बाजूला," तेजस्विनी म्हणाली. इतक्या चढ्या आवाजात ती त्या गल्लीत पहिल्यांदाच बोलली. "पोपटराव, तिकडून धरा. घाई नाही. बेडवर कुशीवर निजवायचं." आणि आप्पासाहेबांकडे वळून, "फी तुम्ही द्यायची. आठही जणांची. कामावर असताना झालंय."

"पन मी बसायचे दिलेत त्यांना!"

"आता उठायचे द्या."

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं. भाव तोडायची चाळीस वर्षांची सवय जिभेवर आली होती. मग आतून कोंडीरामचं कण्हणं ऐकू आलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. "विशू," ते म्हणाले, "मोमोला दुसरीकडं जागा बघू."

विश्वजीत म्हणाला, "बघू," आणि पोपटला टेकायला खुर्ची दिली.

आत पडद्यामागं तेजस्विनी कोंडीरामच्या पाठीवर तळवा ठेवून दुखण्याची जागा शोधत होती. कणा एका बाजूला खेचलेला, स्नायू दोरखंडासारखे ताठ. सव्वीस वर्षं पोती. कुणी कधी हात लावून बघितलं का, असं तिनं विचारलं. "कोन बघनार," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ताई, ती जाहिरात कुनाला दिसावी, ते कोन ठरवतं?"

"मी."

"मंग मला दिसली ती तुमीच धाडली व्हय?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर म्हातारा खूश झाला असता. पण ज्या माणसानं पाच मिनिटांपूर्वी तिची जागा घालवून खरं सांगितलं होतं त्याच्याशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "नाही बाबा," ती म्हणाली. "बाजार वगळायला बघत होते मी. नकाशावर ते जमलं नाही." आणि तिला भयंकर लाज वाटली.

कोंडीरामनं पाठ जरा तिच्या हाताकडे सरकवली. मग म्हणाला, "तितंच हाय. जरा खाली. हां. तितंच."

पाऊण तास गेला. सात जण बाहेर चहा पीत आपल्या नंबरची वाट बघत होते, आता खरोखरीच. एक वाजला होता, त्यामुळे शटर जेवणाच्या सुट्टीच्या रीतीप्रमाणे अर्ध्यावर ओढलेलं होतं. तेजस्विनीनं हात पुसता पुसता मोबाइल उघडला. जाहिरातीचे काही तासच उरले होते. तिनं खूण उचलली आणि बाजाराच्या मधोमध ठेवली. मजकुरात "सकाळी अकरापासून" घातलं. आणखी सात दिवस वाढवले. बदल केल्यामुळे पुन्हा तपासणी, असं स्क्रीनवर आलं. असू दे, ती म्हणाली.

"बाबा, दोन दिवसांनी परत धरेल हं," तिनं कोंडीरामला बजावलं. "एका दिवसात जात नसतं. गुरुवारी यायचं आहे."

"येतो की."

तो बेडवरून उतरला. आधी एक पाय, मग दुसरा. उभा राहिला, जपून, आणखी थोडा, आणखी थोडा. मग दाराकडे निघाला. या दारातून तो चार दिवस ये-जा करत होता, अर्ध्या शटरखालूनसुद्धा, आणि त्याला कधी मान खाली घालावी लागली नव्हती. आज ठण्णकन कपाळ आपटलं.

सगळे उठून धावले. आप्पासाहेब ओरडले, विश्वजीतनं पाणी आणलं. कोंडीराम कपाळ धरून शटरकडे वर बघत होता, आणि त्याच्या पांढऱ्या मिशा हसण्यानं थरथरत होत्या.

"लागलं!" तो म्हणाला. "आरं पोपट, बघ की! मला लागलं!"